कोंडाळ्यातला हिवाळा

मे महिन्याचा मध्य. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत समुद्र गोठून त्याची घट्ट फरशी झाली आहे, आणि त्या फरशीवर एम्परर पेंग्विनची एक जोडी समोरासमोर उभी आहे. मादीने नुकतंच अंडं घातलंय. साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं, म्हणजे कोंबडीच्या सात-आठ अंड्यांएवढं. ते तिने आपल्या पावलांवर तोलून धरलंय. आता ते नराकडे द्यायचं आहे. ती पाय फाकवते, अंडं बर्फावर घरंगळतं, नर मान वाकवून चोचीने ते आपल्या पावलांकडे ओढतो, वर चढवतो आणि पोटाखालची कातडीची घडी त्यावर सोडतो. हे सगळं झटपट व्हावं लागतं. अंडं बर्फावर काही मिनिटं जरी राहिलं तरी आतला जीव गोठतो. नवख्या जोड्यांची अंडी अनेकदा इथेच वाया जातात.

अंडं सोपवलं की मादी समुद्राकडे निघते. या खटाटोपात तिचं बरंच वजन उतरलेलं असतं, आणि ती परत येणार दोन महिन्यांनी. तोवर अंडं एकट्या नराचं.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आपण पाहतो ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, मध्यम हवेत राहणारे. एम्पररची गोष्टच वेगळी. हा चार फुटांच्या आसपास उंचीचा पक्षी ऐन ध्रुवीय हिवाळ्यात अंडी उबवतो. वारं सुटलं की पारा उणे चाळीसच्याही खाली जातो, दिवसाचा उजेड जेमतेम काही तास असतो आणि वाळकी काडीही कुठे नसल्याने घरटं बांधायचा प्रश्नच येत नाही. मग हिवाळाच का निवडला? कारण पिल्लू वाढायला पाच महिने घेतं. ते डिसेंबरच्या सुमारास, बर्फ फुटून समुद्रात अन्नाची रेलचेल असताना पाण्यात उतरायला हवं, तर उबवणं हिवाळ्यातच व्हायला लागतं.

नराचा खरा प्रश्न थंडीचा नाही, शिदोरीचा आहे. तो वसाहतीत आला मार्चअखेर-एप्रिलमध्ये, तेव्हापासून त्याच्या पोटात काही गेलेलं नाही. जोडी जमवण्यात सुमारे चाळीस दिवस गेले. पुढे अंडं उबायला साधारण पासष्ट दिवस. मादीला यायला आणखी थोडा उशीर धरला तर उपास एकशे दहा-पंधरा दिवसांचा होतो. खायला फक्त अंगावरची चरबी, तहानेला बर्फ.

एका नराचा हिशेब मांडून पाहू. येताना वजन ३८ किलो. फ्रान्सच्या दुमों द'उर्विल तळाजवळच्या वसाहतीत शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पक्ष्यांची वजनं केली, त्यावरून एक उंबरठा लक्षात आला आहे. साधारण २४ किलोपर्यंत शरीर मुख्यतः चरबीवर चालतं आणि स्नायूंना फारसा हात लावत नाही. त्याखाली वजन गेलं की स्नायूंचं प्रथिन भराभर जळू लागतं. तेव्हा पक्ष्याचं वागणंच बदलतं. तो अंडं सोडून देतो आणि समुद्राची वाट धरतो. त्याला निष्ठुर म्हणता येणार नाही, कारण मेलेला बाप पुढच्या वर्षी दुसरं अंडं उबवू शकत नाही.

म्हणजे हाताशी १४ किलो. रोज सुमारे १२० ग्रॅम खर्च झाले तर ते ११६ दिवस पुरतात, अगदी काठोकाठ. पण पक्ष्याला इतरांपासून वेगळं ठेवलं तर त्याचं वजन दीडपट ते दुप्पट वेगाने उतरतं. दीडपट धरला तरी रोजचे १८० ग्रॅम झाले, आणि शिदोरी ७८ दिवसांत संपली. तेव्हा अंडं उबायला अजून जवळजवळ महिना बाकी असेल. एकटा नर अंडं कधीच फोडून बाहेर आणू शकणार नाही.

हा फरक भरून काढतं ते कोंडाळं. वारं वाढलं की नर एकमेकांना खेटून उभे राहतात, एका चौरस मीटरमध्ये आठ-दहा. माना खाली, डोकं पुढच्याच्या पाठीवर टेकलेलं. शरीराचा फार थोडा भाग वाऱ्याला उघडा राहतो. पक्ष्यांना यंत्रं लावून पाहिलं तेव्हा घट्ट कोंडाळ्यात आतलं तापमान वीस अंशांच्या वर, कधी तर ३७ अंशांपर्यंत गेलेलं आढळलं. बाहेर उणे असताना, आत मुंबईच्या मे महिन्याची दुपार! म्हणूनच कोंडाळं फार काळ टिकत नाही. सरासरी दीड-दोन तासांत ते मोडतं, पक्षी बाजूला होतात, अंगातून वाफा निघतात, कुणी बर्फाचे घास घेतं. मग थंडी वाजली की पुन्हा जमतात.

इतक्या दाटीत सगळे अडकून का पडत नाहीत, हे बराच काळ उलगडलं नव्हतं. जर्मनीच्या न्यूमायर तळाजवळ, अटका उपसागराच्या वसाहतीत संशोधकांनी दर सव्वा सेकंदाला एक छायाचित्र घेतलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की दर अर्ध्या-एक मिनिटाने एक पक्षी पाच-दहा सेंटिमीटर पाऊल सरकवतो, शेजारी सरकतो, त्याचा शेजारी सरकतो आणि ती हालचाल लाटेसारखी साऱ्या कोंडाळ्यातून जाते. पुढच्या अभ्यासात असंही आढळलं की लाट कुठलाही पक्षी सुरू करू शकतो. मुकादम कुणी नाही. पक्षी एकमेकांना जेमतेम टेकतात, कारण पिसं दबली तर त्यांतली ऊब धरणारी हवा निघून जाईल. या सरकण्याने दाटी नीट बसते आणि कोंडाळं हळूहळू जागा बदलतं. वाऱ्याच्या तोंडावरचे पक्षी कडेकडेने जाऊन आडोशाच्या बाजूला लागतात. त्यामुळे ऊब सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. यंत्रांच्या नोंदींनीही तेच दाखवलं.

हे शक्य होतं कारण एम्पररला घरटं नाही आणि म्हणून राखायला जागाही नाही. त्याचा चुलतभाऊ किंग पेंग्विन अंडं पायावरच उबवतो, पण आपल्या वीतभर जागेसाठी शेजाऱ्याला चोच मारतो. तिथे असं कोंडाळं होणं नाही. एम्पररचं घर त्याच्या पायांवर असतं, आणि ते घेऊन तो हळूहळू पाय ओढत कुठेही जातो. उबवण्याची ओढही विलक्षण. १९११च्या हिवाळ्यात विल्सन, बाॅवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझिअरला अंडी आणायला गेले, तेव्हा त्यांना अंड्याएवढे बर्फाचे गोळे पायावर धरून बसलेले पक्षी दिसले.

जुलैच्या मध्यावर पिल्लू बाहेर येतं. मादी पोचली नसेल, तर शंभरावर दिवसांचा उपाशी बाप अन्ननलिकेतून दह्यासारखा स्राव काढून त्याला काही दिवस भरवतो. मादी येते ती आवाजावरून नराला ओळखत. नर पिल्लू चटकन देत नाही, रेंगाळतो. मग देतो आणि बर्फावरून समुद्राकडे निघतो. ती वाट कधी शंभर किलोमीटरचीही असते, आणि तेवढं चालण्याइतकी चरबी त्याच्या अंगावर अजून असते. तीन-चार आठवड्यांनी तो पोटात मासे घेऊन पिल्लाकडे परत येतो.