शिवी संपते, तिथे जवाब सुरू होतो

आमच्या कुंभार पिंपळगावात एका जयंतीच्या मिरवणुकीनंतर दोन पोरांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या गाण्याला नावे ठेवली. दुसऱ्याने उत्तर दिले नाही, आईवरून शिवी दिली. पहिल्याने गचांडी धरली. वडीलधाऱ्यांनी सोडवासोडव केली. त्या रात्री पारावर एक म्हातारे डफवाले आम्हाला म्हणाले, "साहेब, आमच्या वक्ताला बी लोक एकमेकाला लई बोलायचे. पण रातभर बोलायचे अन् सकाळी एका ताटात जेवायचे. ह्या पोरांला बोलताच येत नाही, म्हणून हात उचलत्यात."

म्हातारबाबांचे बोल आमच्या मनात घर करून बसले. ते बोलत होते कलगी-तुऱ्याबद्दल.

वाचक बंधू-भगिनींपैकी अनेकांनी हे नाव ऐकले असेल. शाहिरांचे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला श्रेष्ठ मानीत, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला. चंदेरीच्या राजाने एका फकिराला कलगी आणि एका गोसाव्याला तुरा दिला, तेव्हापासून हे पक्ष पडले अशी कथा सांगतात. कोकणात हाच प्रकार शक्ती-तुरा या नावाने आजही रंगतो. हातात डफ आणि तुणतुणे, मागे झील धरणारे साथीदार, आणि समोर रात्रभर बसलेला गाव.

सामन्याची रीत अशी. एक शाहीर सवाल टाकी. तो बहुधा भेदिक असे, म्हणजे पुराणातले किंवा देहातत्त्वाचे एखादे कोडे त्यात गुंफलेले असे. त्याच्या जोडीला टोमणा असे: तुझा गुरू कोण, तुझे बाड कोणाचे उसने, तुझा गळा की फाटका पखवाज! समोरच्याने जवाब द्यायचा. पण नुसता नव्हे. ज्या चालीत सवाल आला त्याच चालीत, शक्य तर त्याच यमकात, आणि कोड्याची उकल करून. झीलकरी धृपद घोळवीत तेवढाच काय तो विचाराला अवकाश.

ही अट फार मोलाची आहे. ती कशी चालते हे समजावे म्हणून आम्ही आमच्या तोडक्यामोडक्या बुद्धीने एक जोडी रचली आहे. समजा, तुरेवाल्याने नव्या शाहिराला हिणवले:

"नवा डफ घेऊन आलास गड्या, बोल कुणाचे गासी?
उसन्या पिठाची भाकर करूनी मिरविसी चौघांपाशी!"

आरोप असा की, तुझी कवने उसनी आहेत. आता "मी नाही, तूच चोर" असे म्हणणे सोपे. पण ते उत्तर कोणीही, कोणालाही, कधीही देऊ शकतो. त्यात समोरच्याचा सवाल ऐकल्याची खूण नाही. कलगीवाला असे म्हणाला तर?

"पीठ उसनं, कबूल गड्या, भाकर दिली भुकेल्यासी;
तुझ्या घरी कणगी भरली, चूल तुझी उपाशी!"

चाल तीच, यमक तेच, भाकरही तीच. आरोप नाकारला नाही, उलट कबूल केला, आणि कबूल करता करता फिरवला. पीठ उसने आणले हा गुन्हा राहिला नाही. घरी कणगी भरलेली असून कोणाला घास न देणे हा गुन्हा ठरला. पहिल्याने स्वतःच्या हाताने आणलेला धोंडा दुसऱ्याने त्याच्याच पायावर ठेवला. आमच्या मते विनोदबुद्धी म्हणतात ती हीच. आधी नीट ऐकणे, मग फिरवणे.

याच्या उलट प्रकारही महाराष्ट्रात आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, वाद्यांच्या गजरात हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला बोरीचा बार म्हणतात. ती गंमत आहे, वर्षाचा मोकळेपणा आहे. पण त्या गलक्यात कोणाचा शब्द कोणाला धड ऐकू येत नाही, त्यामुळे जवाबही नाही. तिथे जोर लागतो, तर कलगी-तुऱ्यात कान लागतो.

मग शाहीर हरत कसा? म्हातारबाबांनी तीन खुणा सांगितल्या. चाल मोडली की समजावे पाणी आटले. सवाल एक आणि उत्तर भलतेच आले, म्हणजे बाडातले पाठ केलेले काढले. आणि तिसरी खूण, त्याने जात काढली. "जात काढली म्हंजी त्याच्यापाशी दुसरं काही उरलं न्हाई."

या तिसऱ्या खुणेपाशी आम्ही थांबलो. जुन्या फडांवर सर्व जातींचे कलावंत उभे राहत. ज्यांना पोथीला हात लावू दिला जात नव्हता, ते ऐकून ऐकून पुराणे मुखोद्गत करीत आणि भेदिक सवालाला उत्तर देत. तिथे ज्ञानाने हरवता आले नाही की समोरचा जन्म उकरून काढी. जातीची शिवी द्यायला बुद्धी लागत नाही. ती समोरच्याच्या सवालाला लागत नाही, त्याच्या बापजाद्यांना लागते. तिला चालीत, यमकात जवाब देता येत नाही, कारण तिने काही विचारलेलेच नसते.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. सातव्या-आठव्या शतकात जरीर आणि फरज्दक हे दोन अरबी कवी सुमारे चाळीस वर्षे एकमेकांवर निंदाकाव्ये रचीत होते. बसरा शहराच्या मिरबद बाजारात लोक ती ऐकायला जमत. त्यांचाही नियम तोच, ज्या छंदात आणि यमकात वार, त्याच छंदात आणि यमकात उलट वार. तरीही जरीर फरज्दकच्या कुळाला लोहार म्हणून हिणवी, आणि फरज्दक जरीरच्या कुळाला गुरेमेंढरे राखणारे म्हणून. एवढे मोठे कवी, पण कष्टाचा धंदा हीच शिवी!

आपल्या चळवळीने ही खोट ओळखली. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे १९३० नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला. त्यातला सवाल-जवाब ठेवला. रूढी पाळणारा भटजी सवाल करी आणि शिकलेला तरुण त्याचाच शब्द धरून जवाब देई. श्रोते पोट धरून हसत. हसता हसता त्यांना कळे की, ज्या आधारावर आपल्याला खाली ढकलले तोच पोकळ आहे. इथे टोमणा माणसाच्या जन्मावर नव्हता, त्याच्या म्हणण्यावर होता.

परवा आम्ही त्या दोन पोरांना पारावर बोलावले. म्हातारबाबांनी डफ तापवला आणि पहिल्याला म्हणाले, "हं, टाक सवाल." तो अडखळला, पण एक ओळ जुळली. दुसरा बराच वेळ गप्प राहिला. त्याला यमक सापडेना. शिवी तोंडाशी आली होती, ती त्याने गिळली. अखेर त्याने जी ओळ म्हटली तिची चाल चुकली होती, पण भाकर तीच होती.

जरीर आणि फरज्दकचे शेवटचे सांगायचे राहिले. फरज्दक वारला तेव्हा त्याच्यावर शोकगीत रचले ते जरीरने. चाळीस वर्षे त्याच्याइतके कान देऊन फरज्दकला दुसऱ्या कोणी ऐकले असेल?