चौथ्यात सुटला

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला सीएच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला. सांगली जिल्ह्यातून पुण्याला येऊन आर्टिकलशिप केलेल्या एका तरुणाने त्या संध्याकाळी मित्राला मेसेज पाठवला. मित्राचाही पहिला ग्रुप अडकलेला होता.

‘सुटलो रे. चौथ्यात. एफआर ५१, ऑडिट ५५. एएफएमचं एक्झम्प्शन याच अटेम्प्टला संपत होतं. अभ्यास वाढवला नाही, खरं सांगतो. जुलैत सर्टिफाइड कॉपी मागवल्या आणि कळलं, मार्क कुठे जातायत. ऑडिटमध्ये निष्कर्ष चुकत होता, एफआरमध्ये शेवटचा प्रश्न कोराच राहत होता. तूही कॉपी मागव, मग बोलू.’

ज्याच्या घरात सीएचा विद्यार्थी नाही, त्याला यातलं निम्मं कळणार नाही. पण या आठ-दहा ओळींत त्या परीक्षेचं सगळं गणित आहे.

सीए फायनलच्या सहा पेपरांचे तीन-तीनचे दोन ग्रुप असतात. पहिल्या ग्रुपात फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे एफआर, अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एएफएम आणि ऑडिट. प्रत्येक पेपर शंभर गुणांचा. ग्रुप सुटायला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५०. त्यामुळे तिन्ही पेपरांत ४५-४५ मिळवणारा नापास होतो आणि एकात ८५ मिळवून दुसऱ्यात ३९वर अडकलेलाही नापासच होतो.

दिलासा एकच. ग्रुपचे सगळे पेपर दिले असतील आणि ग्रुप राहिला, तरी एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण असतील तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. यालाच मुलं एक्झम्प्शन म्हणतात. तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, पण त्याचे गुण बेरजेत धरले जातात.

या मुलाचे आकडे आता वाचता येतील. मे २०२४मध्ये त्याचा दुसरा ग्रुप सुटला. पहिल्या ग्रुपात एफआर ३८, एएफएम ६४, ऑडिट ४२, बेरीज १४४. दोन्ही अटी मोडल्या, पण ६४ हाती आले. म्हणजे पुढच्या तीन परीक्षांत उरलेल्या दोन पेपरांत मिळून फक्त ८६ गुण हवे होते. ऐकायला किती सोपं! नोव्हेंबर २०२४मध्ये एफआर ४६वर गेला आणि ऑडिट ३७वर घसरलं. मे २०२५मध्ये दोन्ही पेपर चाळिशीची रेघ पार करून गेले, एफआर ४४ आणि ऑडिट ४०. बेरीज भरली १४८. दोन गुण कमी.

पहिल्यांदा दोन्ही अटी, दुसऱ्यांदा दोन्ही, तिसऱ्यांदा फक्त बेरजेची अट मोडली. घरच्यांना मात्र तिन्ही वेळा एकच शब्द ऐकू आला, आणि खुद्द मुलाच्या मनातही तिन्ही निकालांचा एकच अर्थ लागत होता की अभ्यास कमी पडतोय. मला या परीक्षेतलं सर्वांत मोठं नुकसान इथे होताना दिसतं. नापास झालेला मुलगा पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो, पण गुण कुठे गळले ते बघत नाही.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर आयसीएआय तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत देते. त्याने तिसऱ्या निकालानंतर एफआर आणि ऑडिट या दोन्हींच्या प्रती मागवल्या आणि संस्थेने प्रसिद्ध केलेल्या सजेस्टेड आन्सर्स शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिल्या.

ऑडिटचं एक उत्तर बघण्यासारखं आहे. प्रश्न साधारण असा: एका कंपनीचा तोटा साठत गेलाय, बँकेचे हप्ते थकलेत, पुढचं वर्ष ती तग धरेल की नाही याची मोठी शंका आहे. मात्र हिशेब कंपनी चालूच राहील असं धरून मांडणं अजून योग्य आहे, आणि व्यवस्थापनाने ही शंका टिपांमध्ये पुरेशी आणि प्रामाणिकपणे मांडली आहे. ऑडिटरने अहवालात काय लिहावं? या मुलाने दीड पान लिहिलं आणि शेवटी ‘एम्फसिस ऑफ मॅटर’चा परिच्छेद द्यावा म्हणून थांबला. जुन्या नोट्समध्ये तसंच होतं. पण सुधारित एसए ५७०नुसार, जो १ एप्रिल २०१७पासून लागू आहे, इथे मत बदलायचं नाही. ‘मटेरिअल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न’ या नावाचा वेगळा विभाग द्यायचा. तीच शंका कंपनीने नीट उघड केली नसती तर मत क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स झालं असतं. कंपनी चालूच राहील हे गृहीतच चुकीचं असतं, तर थेट अ‍ॅडव्हर्स.

दीड पान पाठांतर होतं, पण मुद्दा एका ओळीत होता आणि तीच ओळ चुकली होती. अशी उत्तरं त्याला आणखी सापडली. माहिती बरोबर, कोणता एसए लागू होतो ते लिहिलेलं नाही, किंवा निष्कर्ष शेजारच्या एसएचा. मग त्याने नोट्स बाजूला ठेवल्या. संस्थेचे आरटीपी आणि एमटीपी घेतले आणि प्रत्येक प्रश्नाला फक्त तीन गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: कोणता एसए, या प्रसंगात तो का लागतो, आणि अहवालावर परिणाम काय. पूर्ण उत्तर नंतर.

एफआरचं दुखणं वेगळं निघालं. या पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० लेखी उत्तरांना असतात. लेखी भागात चौदा-चौदा गुणांचे पाच प्रश्न सोडवायचे. तीन तासांत शंभर गुण, म्हणजे चौदा गुणांना साधारण २५ मिनिटं. त्याने कन्सॉलिडेशनच्या ताळेबंदावर पाऊण तास घालवला होता, कारण दोन्ही बाजू जुळत नव्हत्या. शेवटच्या प्रश्नाला वेळच उरला नाही.

ताळेबंद जुळला नाही तरी त्याआधीच्या वर्किंग नोट्सना गुण मिळतात. गुडविल किती, अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा किती, संपादनानंतरचा नफा कसा वाटला, या पायऱ्या स्वच्छ मांडल्या असतील तर शेवटच्या फरकाने सगळं वाहून जात नाही. कोऱ्या पानाला मात्र काहीच मिळत नाही. सप्टेंबर २०२५मध्येही त्याचा ताळेबंद जुळला नव्हता. पंचविसाव्या मिनिटाला त्याने पान उलटलं.

निकाल आला तेव्हा बेरीज १७० झाली होती. तोपर्यंत एक्झम्प्शनच्या तीनही परीक्षा संपल्या होत्या. ही मुदत संपल्यावर ती सूट कायम ठेवण्याची सोय आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४०ऐवजी ५० लागतात. म्हणून ज्यांच्या हाती एक्झम्प्शन आहे त्यांनी ते कोणत्या परीक्षेला संपतं हे आजच कागदावर लिहून ठेवावं. आणि ज्यांचा निकाल नुकताच हुकला आहे त्यांनी नवा क्लास लावण्याआधी उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज करावा. त्याला तीसच दिवस असतात.