अक्षर-सुडोकूतील नववे अक्षर

सुडोकू हे अंकांचे कोडे असल्यामुळे ते गणितात गती असणाऱ्यांनीच सोडवावे, असा समज मुलांत आणि पालकांतही आढळतो. वस्तुतः त्यात बेरीज-वजाबाकी कुठेच नाही. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी गृहस्थांचे हे कोडे १९७९ मध्ये तेथील एका मासिकात छापून आले आणि १९८४ मध्ये ते जपानी वाचकांपर्यंत पोहोचले. अंक त्यात केवळ नऊ वेगवेगळ्या खुणांचे काम करतात. त्यांच्या जागी नऊ भिन्न अक्षरे घेतली आणि एखाद्या ओळीत त्या अक्षरांचा अर्थपूर्ण शब्द दडवला, की अक्षर-सुडोकू तयार होते. नियम तोच : प्रत्येक आडवी ओळ, प्रत्येक उभा स्तंभ आणि तीन गुणिले तीन घरांची प्रत्येक चौकट यांत प्रत्येक अक्षर एकदाच यावे. मराठीत काना-मात्रेसह उच्चारले जाणारे अक्षर एका घरात बसते. ‘स्तु’ हे जोडाक्षर म्हणजे एकच घर.

अंकांच्या कोड्यात एक ते नऊ मनात मोजले की काय राहिले ते लगेच कळते. अक्षरांत ही सोय नाही. म्हणून आरंभीच समासात सर्व अक्षरे एका ठरावीक क्रमाने लिहून घ्यावीत आणि दर वेळी त्याच क्रमाने तपासावीत. हे लिहिताना कित्येकदा आठच अक्षरे सापडतात. छापणाऱ्याची ती चूक नव्हे. दोन अक्षरे मुळीच दिलेली नसतील, तर सुटलेल्या कोड्यात त्यांची सर्वत्र अदलाबदल करता येते आणि उत्तरे दोन होतात. एकच अक्षर न दिल्यास तसे होत नाही. त्या अज्ञात अक्षरासाठी टिंब वापरावे. ते कोणते, हे शेवटी शब्दच सांगतो.

माझ्या वर्गासाठी मी रचलेल्या एका कोड्याच्या मधल्या तीन ओळी (चौथी, पाचवी, सहावी) अशा होत्या. शब्द पाचव्या ओळीत होता.

```
ग्रा – क  |  – पु –   |  – ण –
–  – –  |  – – सं   |  – ह –
सं – –  |  – क ग्रा  |  रा – पु
```

समासातली अक्षरे आठ : पु, रा, ण, स्तु, सं, ग्रा, ह, क.

प्रथम ‘पु’ पाहू. तो चौथ्या ओळीत मधल्या चौकटीत आहे, सहाव्या ओळीत उजव्या चौकटीत. तेव्हा पाचव्या ओळीत तो डाव्या चौकटीतच येणार. वर पहिल्या ओळीत तिसऱ्या स्तंभात आणि खाली आठव्या ओळीत दुसऱ्या स्तंभात ‘पु’ दिलेला होता. उरला पहिला स्तंभ. याच न्यायाने ‘ग्रा’ उजव्या चौकटीत जातो. दुसऱ्या ओळीत नवव्या स्तंभात तो असल्यामुळे येथे त्याला सातवेच घर मिळते. ‘क’ही उजवीकडेच येतो आणि त्याला नववे घर तेवढे शिल्लक आहे. आता ओळ अशी झाली :

```
पु – –  |  – – सं  |  ग्रा ह क
```

येथे वर्गात गलका झाला. उरलेल्या अक्षरांत रा, ण, स्तु आणि टिंब. एका मुलीने तत्काळ सांगितले, “पुराणस्तुतिसंग्राहक!” अक्षरे मोजली तर बरोबर नऊ, एकही दुबार नाही, आणि नववे अक्षर ‘ति’. मी रचताना हा शब्द माझ्या ध्यानातही आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. परंतु शब्द जुळला म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. तो घरांत बसवून प्रत्येक स्तंभ तपासावा लागतो. तिच्या शब्दात ‘स्तु’ चौथ्या घरात येतो, आणि चौथ्या स्तंभात तिसऱ्या ओळीत ‘स्तु’ आधीच छापलेला होता. अनुमान तेथेच पडले. तिने स्वतःच तो स्तंभ बोटाने दाखवला आणि क्षणभराने म्हणाली, “मग टिंब चौथे, स्तु पाचवा. पुराणवस्तुसंग्राहक.” नववे अक्षर ‘व’.

हाही शब्द तपासून घेतला. कोणत्याच स्तंभात वा चौकटीत तो अडला नाही. मग भरलेली ओळ पुढच्या घरांना वाट करून देते. ‘ण’ आता चौथ्या ओळीत उजवीकडे आणि पाचव्या ओळीत डावीकडे आहे, म्हणून मधल्या चौकटीत तो सहाव्या ओळीत हवा. तेथे रिकामे घर एकच, चौथ्या स्तंभातले. त्या चौकटीत मग फक्त ‘ह’ आणि ‘रा’ उरतात, दोन्ही चौथ्या ओळीत. दुसऱ्या ओळीत चौथ्या स्तंभात ‘रा’ दिलेला होता. तेव्हा येथे चौथ्या स्तंभात ‘ह’ आणि सहाव्यात ‘रा’.