ऑर्डर एक, नंबर तीन

समजा, कोथरूडच्या एका घरातून ऑनलाइन बाजारावर एकाच वेळी तीन वस्तू मागवल्या: १,४९९ रुपयांचा मिक्सर, ५४९ची चादर आणि २९९चा चार्जर. पैसे एकदाच गेले, २,३४७ रुपये. चादर फाटकी निघाली म्हणून कस्टमर केअरला फोन लावला, पलीकडून नंबर विचारला गेला आणि इथेच गोंधळ सुरू झाला.

गैरसमज: ऑर्डर आयडी दिला की काम झालं.

ऑर्डर आयडी हा पैसे भरले त्या एका व्यवहाराचा नंबर असतो. पण मिक्सर, चादर आणि चार्जर विकणारे तिघे वेगळे असतात, माल वेगवेगळ्या गोदामांतून निघतो आणि परत करण्याची मुदतही वस्तूगणिक बदलते. म्हणून यंत्रणा त्या ऑर्डरचे तुकडे पाडते आणि प्रत्येकाला सब-ऑर्डर नंबर देते. काही ठिकाणी हा नंबर म्हणजे मूळ आयडी आणि त्यापुढे शेपूट असं असतं:

```
Order ID:  884201573346
Sub-order: 884201573346_1  (मिक्सर)
           884201573346_2  (चादर)
           884201573346_3  (चार्जर)
```

काही कंपन्या शेपूट न लावता प्रत्येक वस्तूला अगदी निराळा नंबर देतात. दोन्हींत रिटर्न, बदली आणि रिफंड यांची नोंद सहसा या तुकड्यावर होते, अख्ख्या ऑर्डरवर नाही.

नुसता 884201573346 सांगितला, तर समोरच्या माणसाच्या पडद्यावर तिन्ही वस्तू येतात. घाईत त्याने `_1` निवडला, तर पिकअपवाला मिक्सर न्यायला येतो. त्याच्या मोबाइलवर मिक्सरचा फोटो, तुमच्या हातात चादर. माल जुळत नाही म्हणून तो रिकाम्या हाताने परत जातो, विनंती रद्द अशी नोंद होते आणि चादरीची मुदत मात्र चालूच राहते. तक्रार नोंदवल्यावर आलेल्या मेसेजमध्ये वस्तूचं नाव बरोबर आहे ना, एवढं पाहिलं तरी ही चूक त्याच दिवशी कळते.

एक बारकावा. एकाच चादरीचे दोन नग घेतले, तर बहुतेकदा दोन्ही एकाच सब-ऑर्डरखाली येतात. तेव्हा ‘दोनपैकी एक खराब’ हे शब्दांत सांगावंच लागतं, नंबर ते सांगत नाही.

गैरसमज: बिलावरचा नंबर सर्वांत अधिकृत, तोच द्यावा.

बिल अधिकृत असतं, पण ते विकणाऱ्याचं. जीएसटीच्या नियमांप्रमाणे इनव्हॉइस नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि त्या विक्रेत्यापुरता, त्या आर्थिक वर्षापुरता तो पुन्हा वापरता येत नाही. ‘त्या विक्रेत्यापुरता’ हे महत्त्वाचं. सुरतच्या आणि भिवंडीच्या दोन व्यापाऱ्यांनी आपापल्या बिलाला `INV/0912` हाच नंबर दिला तर त्यात काहीच गैर नाही. त्यामुळे नुसत्या इनव्हॉइस नंबरावरून बाजाराच्या कस्टमर केअरला तुमची चादर सापडेलच असं नाही.

शिवाय बिल साधारणपणे माल पाठवताना तयार होतं. पॅकिंगच्या आधी ऑर्डर रद्द करायची असेल, तर बिलाचा नंबर बहुधा अस्तित्वातच नसतो. मग ‘इनव्हॉइस मिळत नाही’ म्हणून ॲपमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

हा नंबर लागतो तो दुसऱ्या दारी. मिक्सर सहा महिन्यांनी बिघडला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, तर तिथे ऑर्डर आयडीला कोणी विचारत नाही. त्यांना बिल, त्यावरची तारीख आणि यंत्रावरचा सिरियल नंबर हवा असतो. दुकानासाठी खरेदी केली असेल आणि जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असेल, तर तुमच्या सीएलाही बिलाचाच नंबर लागतो, सोबत विक्रेत्याचा १५ अक्षरी जीएसटीआयएन. तिन्ही विक्रेते वेगळे म्हणजे बिलंही तीन. २,३४७ रुपयांचं एकच बिल द्या, असा आग्रह धरून उपयोग नाही. कुरिअरच्या चिठ्ठीवरचा बारकोडखालचा लांबलचक नंबर ऑर्डर आयडी, सब-ऑर्डर आणि इनव्हॉइस यांपैकी कोणताच नव्हे. तो पार्सलचा माग काढण्यासाठी असतो.

गैरसमज: बदली वस्तू आली तरी जुनाच नंबर चालतो.

बऱ्याच ठिकाणी बदलून आलेल्या चादरीला नवा नंबर मिळतो. तीही खराब निघाली आणि जुना `_2` सांगितला, तर यंत्रणा म्हणते, ही तक्रार निकाली निघाली आहे. ‘माझ्या ऑर्डर्स’मध्ये जाऊन बदली वस्तूच्या पानावरचा नंबर घ्यावा. तो हाताने उतरवण्यापेक्षा कॉपी केलेला बरा, कारण अंडरस्कोअर आणि शेवटचा आकडाच नेमका गळतो.

तक्रार नोंदवल्यावर तिचा वेगळा तिकीट नंबर मिळतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो देणं अशा बाजारांवर बंधनकारक आहे. दुसऱ्यांदा फोन करताना आधी हा सांगावा, मग सब-ऑर्डर. आणि सोशल मीडियावर तक्रार मांडताना बिलाचा फोटो टाकू नये. त्यावर नाव-पत्ता असतो, आणि ऑर्डरचा तपशील हाती लागला की ‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्याचं काम सोपं होतं.