नथ फिरू लागली की मोती मोजा

घरी मोत्यांच्या नथी ओवून विकणाऱ्या बाईकडे स्टुडिओ नसतो. असतो तो मोबाइल आणि खिडकीतला उजेड. अशा एका फोटोवरून एआय आता पाच सेकंदांचा व्हिडिओ बनवून देतं. नथ तबकडीवर संथ फिरताना दिसते. पण त्यासाठीची लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, नेमका हवा. ‘नथ छान फिरू दे’ एवढंच लिहिलं, तर उरलेलं सगळं यंत्र आपल्या मनानं भरतं.

समजा, नथ ११ मोत्यांची, मधे लाल खडा असलेली आणि चापाची आहे. प्रॉम्प्ट असा लिहिता येईल:

‘फोटोतली नथ पांढऱ्या तबकडीवर उभी आहे. कॅमेरा स्थिर. तबकडी पाच सेकंदांत एकाच वेगाने ६० अंश फिरते. डावीकडून, थोडा वरून, मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळलेला मऊ प्रकाश. उजवीकडे पांढरा पुठ्ठा. ११ मोती, लाल खडा आणि तारेचे वेढे फोटोत आहेत तसेच राहावेत.’

‘कॅमेरा स्थिर’ हे शब्द गाळले, तर कधी कधी नथ जागच्या जागी राहते आणि कॅमेराच तिच्याभोवती फिरतो. प्रकाशाचं वर्णन इतकं बारकाईनं का करायचं? कारण मोती आणि सोनेरी तार समोरचं सगळं आरशासारखं दाखवतात. लहान, उघडा दिवा मोत्यावर टोचणारा पांढरा ठिपका उमटवतो. मोठ्या कापडातून आलेला उजेड मोत्यावर पसरतो आणि त्याची गोलाई दिसते. उजवीकडचा पुठ्ठा सावलीतली तार काळवंडू देत नाही.

फिरणं ६० अंशांवर थांबवण्याचं कारण वेगळं आहे. फोटोत नथीची फक्त पुढची बाजू आहे. पूर्ण फेरी मागितली, तर मागची बाजू यंत्राला कल्पनेनं रचावी लागते, आणि चापाच्या जागी फिरकी दिसू शकते. नाक न टोचलेली गिऱ्हाईक चाप पाहूनच नथ घेते. तिच्यासाठी ही चूक मोठी आहे. मागची बाजू दाखवायचीच असेल, तर तिचा खरा फोटो काढून व्हिडिओशेजारी ठेवावा.

व्हिडिओ तयार झाला की तो सुरुवातीला, मधे आणि शेवटी थांबवून मोती मोजावेत. बारा भरले किंवा दोन मोती एकमेकांत विरघळले, तर तो टाकून नवा बनवावा. मग मोत्यावरची चमक पाहावी. दिवा हलत नाही, म्हणून मोती फिरला तरी चमक दिव्याच्याच बाजूला राहायला हवी. ती मोत्याला चिकटून त्याच्याबरोबर फिरत असेल, तर मोती रंगवल्यासारखा दिसतो.

हे सगळं जमलं तरी व्हिडिओखाली ‘एआयने बनवलेला’ असं लिहावं. पार्सल उघडणारी बाई पडद्यावर मोजलेले अकरा मोती हातात पुन्हा मोजणार असते.