दार मिटत नाही, पण मॅग्नेटला दोष देण्याआधी…

स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाचं दार लोटलं की पुन्हा दोन बोटं उघडतं. मॅग्नेट गेला, असं म्हणून आपण नवा आणतो, आणि महिन्याभरात तीच तक्रार सुरू होते. खरं तर या कॅचमधलं चुंबक सहसा कमजोर होत नाही. प्लास्टिकच्या डबीत चुंबक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. दारावरची चकती त्या पट्ट्यांना टेकली तरच पकड बसते. मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट राहिली, तरी ओढ झपाट्याने कमी होते.

म्हणून आधी कागदाची पट्टी घ्या. ती चकती आणि मॅग्नेट यांच्यामध्ये धरून दार लावा आणि ओढून पाहा. अलगद सुटली, तर दोन्ही एकमेकांना टेकतच नाहीत. मग चकती काढून हाताने मॅग्नेटला लावा. घट्ट चिकटली, तर मॅग्नेट ठीक आहे, जागा चुकली आहे. चिकटतच नसेल, किंवा डबी तडकली असेल, तरच नवा आणा. पट्ट्यांवर गंज, तेलकट थर किंवा रंग असेल तर तो आधी खरवडून काढा.

सिंकखाली मात्र खरा घोटाळा बहुधा लाकडाचा असतो. ओलाव्याने पार्टिकल बोर्ड फुगतो, भुसभुशीत होतो, स्क्रू नुसता फिरत राहतो आणि डबी मागे सरकते. अशा भोकात लाकडाच्या काड्या फेविकॉल लावून ठोकाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, वर आलेला भाग कापावा आणि मग स्क्रू पिळावा. बोर्डच विरघळल्यासारखा झाला असेल, तर आत प्लायचा छोटा तुकडा बसवून त्यावर कॅच लावावा.

नवा कॅच मुठीच्या बाजूला, शक्यतो मुठीच्याच उंचीवर हवा. डबीची भोकं लांबट असतात. स्क्रू त्यांच्या मध्यावर ठेवून थोडे सैल राहू द्या. चकती आधी मॅग्नेटलाच चिकटवा, तिच्या पाठीवर दुतर्फा चिकटपट्टी लावा आणि दार दाबून लावा. दार उघडलं की चकती नेमकी आपल्या जागी दारावर चिकटून येते. तिथेच स्क्रू मारा. दार १८ मिलिमीटरचं असेल तर स्क्रू १५ मिलिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर टोक बाहेर सनमायका फोडेल. मग डबी पुढे-मागे सरकवून दार चौकटीला समतल आलं की तिचे स्क्रू आवळा.

रोलर कॅचचं दुखणं वेगळं. त्यात स्प्रिंगने दाबलेल्या दोन रोलरांमध्ये दारावरची जीभ अडकते. स्प्रिंग ढिली पडली किंवा रोलर झिजले, की तो दुरुस्त करत बसू नये, बदलावा.

दार दाबून सोडताच उसळी मारून उघडत असेल, तर कॅच बदलून उपयोग नाही. बिजागरीच्या स्क्रूचं डोकं वर आलंय का, की आतला कचऱ्याचा डबा दाराला लागतोय, ते आधी पाहा.