किलोचा भाव आणि सिंहाची मजुरी

घरी केक करणाऱ्या ताईंना फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किलोला काय घेता?" साध्या केकला हा प्रश्न बरोबर आहे. पण वर सिंह, हत्ती, जिराफ आणि बाळाचं नाव हवं असेल, तर किलोच्या भावात ते बसवताच येत नाही. ब्लाउजचं कापड मीटरवर मिळतं, शिलाई मात्र वेगळी लागते. केकचंही तसंच आहे आणि इथे पोहोचवण्याचा खर्च आणखी वेगळा.

एक ऑर्डर घेऊ. कोथरूडच्या ओट्यावर तयार होणारा दीड किलोचा बिनअंड्याचा चॉकलेट ट्रफल केक, जंगल थीम, पहिला वाढदिवस, आणि पोहोचवायचा सोळा किलोमीटरवर हिंजवडीला. आकडे अंदाजे धरले आहेत. तुमच्या गावात ते बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी वजन. दीड किलोत साधारण 700 ग्रॅम स्पंज, 650 ग्रॅम ट्रफल आणि 150 ग्रॅम साखरेचं पाणी. डार्क कंपाउंड, क्रीम, मैदा, कोको, दही, तेल, साखर मिळून 380 रुपये. खोका, बोर्ड, मेणबत्ती आणि ओव्हनची वीज यांचे 110. स्पंजचा वर फुगलेला भाग कापून टाकावा लागतो, भांड्याला ट्रफल चिकटून राहतं, त्या नासाडीचे 40. झाले 530. भाजणं, थर लावणं, बाहेरून दोनदा गुळगुळीत करणं यात हाताचे अडीच तास जातात. तासाला 150 धरले तर 375. वर पाव हिस्सा नफा, म्हणजे 1,130 रुपये. किलोला सुमारे 750 पडले. 'किलोचा भाव' म्हणायचा तो एवढाच.

वजनावरून कुरबुर होते ती वेगळ्या कारणाने. व्हिप्ड क्रीम फेटल्यावर हवेने फुलतं, ट्रफल मात्र घट्ट आणि जड. त्यामुळे एक किलोचा ट्रफल केक एक किलोच्या क्रीम केकपेक्षा लहान दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, वजन मारलं. यावर उपाय सरळ आहे: रिकामा बोर्ड काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग प्राणी बसवण्याआधी केकचं वजन करून फोटो पाठवायचा. फॉन्डंटचे प्राणी केकच्या वजनात धरणं मला गैर वाटतं. ते कोणी फारसं खात नाही.

आता नक्षी. 300 ग्रॅम फॉन्डंट, जेलचे रंग, काड्या आणि फॉन्डंट लवकर कडक व्हावं म्हणून टायलोज पावडर, एकूण 170 रुपये. खरा खर्च वेळेचा. एकेका प्राण्याला चाळीस मिनिटं, पानं आणि नाव यांना तास, शेवटी मांडणीला अर्धा तास. साडेतीन तास झाले. हे कसबी काम, म्हणून तासाला 200. एकूण 870. प्राणी दोन दिवस आधी करून सुकवावे लागतात, नाहीतर जिराफाची मान कलते. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला दमट हवेत पाणी सुटतं, म्हणून ते निघायच्या आधीच बसवतात.

हाच जंगलदेखावा अर्धा किलोच्या केकवर हवा असला, तरी प्राणी तेवढेच आणि तासही जवळपास तेवढेच. नक्षीचा दर किलोवर लावला की लहान केक बुडवतो तो इथे.

राहिलं अंतर. केक दुचाकीवर देण्यात जोखीम आहे. खड्ड्यात एक गचका बसला की कडा ढासळते. गाडीने जायचं तर परतीचाही रस्ता मोजायला हवा. 32 किलोमीटर, पेट्रोल आणि गाडीची झीज मिळून किलोमीटरला 12 रुपये, म्हणजे 384. वाहतुकीत गेलेल्या दोन तासांचे 300. एकूण 684.

तिन्ही मिळून 2,684, सांगायचे 2,700. प्रत्यक्षात पुष्कळ जणी '900 रुपये किलो, पोहोचवायचे दीडशे' असं म्हणून 1,500 सांगतात. त्यातून सामान, वीज आणि गाडीचे 1,084 गेले की उरतात 416, आणि तेही आठ तासांच्या कामाचे. तासाला 52 रुपये!

किंमत फोडून सांगितली की गिऱ्हाइकालाही मार्ग सापडतो. फॉन्डंटऐवजी छापील कागदी टॉपर चालत असेल तर नक्षीचे 870 उतरून अडीचशेच्या आसपास येतात. स्वतः येऊन केक नेला तर 684 वाचतात. चव आणि वजन यांना धक्का लागत नाही. नक्षीची रक्कम मात्र आगाऊच घ्यावी, कारण ऑर्डर ऐन वेळी रद्द झाली तर स्पंज दुसऱ्या कुणाला देता येतो, नाव घातलेला सिंह देता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा भाव विचारण्याआधी चार गोष्टी सांगा: माणसं किती, चित्र कोणतं, पत्ता कुठला आणि केक कितीपर्यंत बसवायचा आहे.